थांबतील म्हणून ठेवलेल्या पेशी

धाटावच्या कारखान्यांमध्ये, रोह्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आमची प्रयोगशाळा आहे. मी तिथे नऊ वर्षं पेशी वाढवते. गावाकडे कुणी विचारलं तर मी 'केमिकल कंपनीत आहे' एवढंच सांगते, कारण खरं सांगायला गेलं की लोक नाक मुरडतात. उंदराच्या पेशी. आमच्याकडचा उंदीर म्हणजे प्रत्यक्षात कधीच मरून गेलेल्या कुठल्या तरी उंदराचं कुठल्या तरी देशात गर्भातूनच काढलेलं पिल्लू. ते गेलं, त्याची आई गेली, त्यांना कापणारी माणसंही बहुतेक गेली असतील. पेशी मात्र आहेत. आमच्या खोलीत, प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, गुलाबी पोषक पाण्याखाली त्या अजून एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होत असतात. बाटलीला आम्ही फ्लास्क म्हणतो. ते फ्लास्क ज्या कपाटात ठेवतात त्यात माणसाच्या अंगाइतकी ऊब असते. सकाळी दार उघडलं की तोंडावर ओलसर गरम हवा येते. पहिलं वर्षभर मला तिची भीती वाटायची. कपाटात कुणीतरी आपल्या आधी येऊन श्वास घेत बसलंय असं वाटायचं. नंतर सवय झाली. सवय कशाचीही होते आणि माझ्या बाबतीत तेच नडलं.

या पेशींचा एक गुण आहे. त्या बाटलीच्या तळाला चिकटतात, पसरतात, वाढतात, आणि तळ भरला, एकीला दुसरी चारी बाजूंनी लागली, की थांबतात. अन्न संपलेलं नसतं. जागा वर भरपूर असते. तरी एकही पेशी दुसरीच्या अंगावर चढत नाही. बरोबर एक थर करायचा आणि गप्प बसायचं. आमच्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं की शेजारणीचा स्पर्श झाला की पेशीच्या पृष्ठभागावरून आत निरोप जातो, आणि आत विभागणीला ब्रेक लागतो. पेशी मरत नाही, झोपतही नाही, नुसती थांबते. पुन्हा कधी जागा मोकळी झाली तर ती लगेच कामाला लागते.

जागा मोकळी करणं हेच आमचं अर्धं काम. भरलेल्या थरावर नळीच्या टोकाने, पट्टी लावून, एक सरळ ओरखडा काढायचा. तो भाग धुऊन टाकायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. काठावरच्या पेशींना एका बाजूने शेजार उरलेला नसतो. तासा-दोन तासांत त्या मोकळ्या बाजूला पाय फुटल्यासारखा पातळ पडदा पुढे टाकतात आणि सरकायला लागतात. मागच्या त्यांच्या मागे येतात. दुसऱ्या काठावरूनही तसंच. मधोमध दोन्हीकडच्या भेटल्या, एकमेकींना लागल्या, की पुन्हा थांबल्या. जखम भरते ती अशी. मलमं, जेल, काढे, कुणी काहीही घेऊन येतं आणि म्हणतं बघा, आमच्याने जखम लवकर भरते का. आम्ही अर्ध्या ओरखड्यांवर ते घालतो, अर्ध्यांवर घालत नाही, आणि दोन्हींचे फोटो काढून मोजतो. त्या वेळी पेशींना पोषणही मुद्दाम कमी देतो, म्हणजे भरली ती सरकून भरली, नव्या पैदाशीने नाही, हे कळावं.

आता बाबांचं सांगते. बाबा तरुणपणी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. नळी फुटली आणि डाव्या नडगीवर कसलंसं पाणी पडलं, गुडघ्याच्या खालपासून घोट्यापर्यंत कातडी गेली. ती भरली, पण जी कातडी आली ती कागदासारखी, चकचकीत, ओढलेली. कंपनी सुटली. मग बाबा पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात साचे भरायला आणि सांधे घासायला लागले, ते आजपर्यंत. दर उन्हाळ्यात तो वण कुठेतरी फुटायचा, आणि पाऊस सरता सरता भरून यायचा. आमच्या घरात त्या जखमेला एखाद्या पाहुण्यासारखं वागवायचे. आली का? आली. जाईल दसऱ्यापर्यंत.

एका उन्हाळ्यात फुटलेली मात्र दोन दसरे होऊन गेले तरी गेली नव्हती. आषाढात मी बाबांना ओढून पेणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी भिंग लावून बघितलं, हातमोजा घातलेलं बोट जखमेच्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाले, भाजलेल्या जुन्या वणावरची जखम इतके दिवस उघडी राहिली की कधी कधी तिच्या कडेच्या पेशी बिघडतात. कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. असेलच असं नाही, पण बघितलेलं बरं.

बाबा म्हणाले, "कापाकापी आता नको गो. गणपती होऊ दे." आमच्याकडे गणपती म्हणजे नुसता सण नाही, बाबांच्या कामाचे सगळे दिवस तेच. श्रावण लागला की कारखान्यातला माणूस घरी जात नाही. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. गणपतीनंतर नक्की या, एवढं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं.

मी तेव्हा रोह्यात खोली घेऊन राहायचे. शनिवारी दुपारी पेणकडे घरी जायला निघायचं, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. पावसाळ्यात सोमवारचं कधी मंगळवार व्हायचं. रुळांवर पाणी, नाहीतर वडखळला हायवेवर गाड्यांची रांग. आणि इथे मी ती चूक केली. एका दिवशी केली असती तर चूक म्हटलं असतं, मी ती तीन महिने पद्धत म्हणून केली.

नियम असा आहे की फ्लास्क पूर्ण भरू द्यायचा नाही. पाऊण तळ झाकला की पेशी तळापासून सोडवून घ्यायच्या, थोड्या नव्या फ्लास्कात टाकायच्या. म्हणजे शनिवारी सोडवल्या तर रविवारी कुणीतरी बघायला हवं. कोण बघणार? मी विचार केला, या तर थांबणाऱ्या पेशी आहेत. भरल्या की थांबतील, सोमवारी येईन तेव्हा सोडवीन. दोन दिवस थांबल्या तर काय बिघडलं? आणि मी ते हसत हसत सरांनाही सांगितलं. सर दुसऱ्या कामात होते, हं म्हणाले. असा तो फ्लास्क दर आठवड्याला काठोकाठ भरून उभा राहायचा आणि मी आल्यावर त्यातल्या चिमूटभर पुढच्या फ्लास्कात टाकायचे. गणपतीला तर सात दिवस तसाच ठेवला. मी शहाणी बाई, मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

आता त्या बाटलीत काय होत होतं ते लहान मुलालाही समजेल. लाखो पेशींमध्ये एखाददुसरी अशी निघते जिच्या आतला ब्रेक बिघडलेला असतो. शेजारणी लागल्या तरी तिला निरोप पोचत नाही. पाऊण भरलेल्या फ्लास्कात ती कुणाला दिसत नाही, कारण तिथे सगळ्याच वाढत असतात. पण काठोकाठ भरल्यावर बाकीच्या सगळ्या थांबतात, आणि ती एकटी वाढत राहते. सोमवारी मी चिमूट घेतली की त्यात तिच्या लेकी आदल्या खेपेपेक्षा जास्त. पुढच्या सोमवारी आणखी. बाकीच्या शहाण्यासारख्या थांबून माझी वाट बघत होत्या, त्याच माझ्या हातून कमी कमी होत गेल्या.

गणपतीनंतर एक जेल तपासायला आलं. कुठल्याशा कंपनीचं, वनस्पतींचं, हिरवट, कडुनिंबासारखा वास. त्यांना निकाल लवकर हवा होता. माझ्याकडे एक जुना फ्लास्क होता, तो गणपतीत ठेवलेला, आणि तो एकटा पुरणार नव्हता. म्हणून मी द्रव नायट्रोजनच्या टाकीतून याच पेशींची गोठवलेली जुनी कुपी काढून दुसरा फ्लास्क वाढवला. दोन्ही तयार झाल्यावर घाईत एकाच्या पेशी एका प्लेटमध्ये, म्हणजे सहा खळग्यांच्या ताटलीत, आणि दुसऱ्याच्या दुसरीत घातल्या. जेलविना ठेवायचे ओरखडे नव्या फ्लास्कच्या पेशींवर आले आणि जेल लावायचे जुन्याच्या. दोन्हींची जात एकच, दोन्हींवर तेच लेबल. माझ्या मनात शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेलविना ओरखडे निम्मे भरले होते. जेलचे सगळे बंद. सहाच्या सहा. जिथे रेघ होती तिथे रेघ शोधून सापडेना. मी सरांना बोलावलं, त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, असं मी तरी बघितलेलं नाही. मला काय झालं सांगू? मी खरंच रडले. सरांना वाटलं कामाचा आनंद. माझ्या डोळ्यांसमोर बाबांची नडगी होती.

ते नमुन्याचं जेल घरी नेणं नियमात बसत नाही. मी नेलं. शनिवारी पिशवीत डब्याखाली लपवून नेलं आणि रविवारी सकाळी ओटीवर बाबांचा पाय मांडीवर घेऊन स्वतः लावलं. आई डॉक्टरांच्या चिठ्ठीची आठवण करत होती. गणपती झाले, आता तुकडा काढायला जायचं होतं. मीच म्हणाले, "थांब गो आये. एक महिना थांब. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." घरात शिकलेली मी एकटी. आई थांबली.

आणि जखम भरायला लागली. देवाशपथ सांगते, मला वाटलं म्हणून नाही, ती भरतच होती. पहिल्या दोन आठवड्यांत तळातून लालबुंद मांस वर आलं. नवरात्रात खड्डा उरला नाही. आई शेजारणींना बोलावून दाखवायची. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले की आतून काहीतरी चालतंय असं वाटतं, मुंग्यांसारखं. मी म्हटलं, बरोबर, पेशी सरकतात तेव्हा तसंच वाटत असेल. पेशी सरकलेल्या कुणाला कधी जाणवत नाहीत, पण त्या दिवसांत मी काहीही बोलत होते. दिवाळीच्या सुमारास बाबा पट्टी स्वतःच बांधायला लागले. मी आल्यावर म्हणायचे, आत्ताच बांधलीय, सोडू नको. मला वाटलं, बरं वाटायला लागलंय, माणूस उठून स्वतःचं करतोय.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी कपाट उघडलं. तीच ऊब, तोच ओलावा. जुना फ्लास्क उजेडाकडे धरला. एरवी थर पूर्ण झाला की बाटलीचा तळ नुसता किंचित धुरकट दिसतो, डोळ्याला बाकी काही कळत नाही. या तळावर पांढरे ठिपके होते. रव्याचे दाणे चिकटावेत तसे, वीस-पंचवीस. आणि पाणी गुलाबी नव्हतं, पिवळं पडलं होतं. मला आधी वाटलं जंतू शिरले. पण जंतूंनी पाणी गढूळ होतं, हे स्वच्छ होतं. म्हणजे आत कुणीतरी नुसतं खात होतं, खूप खात होतं.

सूक्ष्मदर्शकाची खोली आतली, तिला खिडकी नाही. दुपारचे बारा वाजलेले असोत, आत दिवा विझवला की काळोख. मी डोळा लावला. चांगल्या थरात पेशी शेजारी शेजारी, वाळूवर पाण्याने काढलेल्या रेषांसारख्या एका दिशेने निजलेल्या असतात. त्या तशा होत्याही, बऱ्याच ठिकाणी. आणि त्यांच्या अंगावर दुसऱ्या. आडव्या, तिरक्या, एकीवर एक, वर गोल चकचकीत झालेल्या, ढिगाच्या ढीग. खालच्या पेशी नियमाप्रमाणे थांबून राहिल्या होत्या आणि वरच्या त्यांना तुडवत होत्या. मी फोकस वर वर नेत गेले. एका थरावर पेशी संपायला हव्या होत्या, त्या संपेनात. खोलीत मी एकटी होते आणि मला खरंच वाटलं की यांना माहीत आहे, मी बघतेय.

तरी मी स्वतःला सांगत होते की हे गेल्या आठवड्यात झालं असेल. खात्री करायची म्हणून त्याच फ्लास्कच्या पेशी एका प्लेटमध्ये लावल्या. बुधवारपर्यंत थर धरला. बुधवारी ओरखडा काढला. जेल नाही, काही नाही, पोषणही कमी. गुरुवारी सकाळी तो बंद झालेला होता. पूर्ण. जेलच्या वेळी झाला होता तसाच्या तसा. जेलने काहीच केलं नव्हतं. जुन्या फ्लास्कातल्या त्या, कसल्याही औषधाशिवाय, तेवढ्याच वेगाने जखम भरत होत्या. सरांना कसं सांगायचं एवढंच तेव्हा डोक्यात होतं, कारण जेलचा अहवाल तर कंपनीला कधीच गेला होता.

शनिवारी निघायच्या आधी मी ती प्लेट सहज परत बघितली. दोन्ही काठ भेटून दोन दिवस झाले होते. जिथे मी रेघ मारली होती तिथे आता उंचवटा होता. लांबच्या लांब, रेघेवर बांध घातल्यासारखा. भरून झाल्यावरही त्या भरतच होत्या.

त्या क्षणी मला बाबांची नडगी आठवली, आणि मी तिथेच स्टुलावरून उठले. डॉक्टरांनी काय म्हटलं होतं ते शब्द न् शब्द आठवलं. कडेच्या पेशी बिघडतात. भरणं आणि बरं होणं यात फरक एवढाच की बरं होणाऱ्याला थांबता येतं. मी नऊ वर्षं रोज तेच बघत होते, आणि घरी दोन महिने नुसतं भरताना बघून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी रोह्याहून पेणपर्यंत गाडीत मी उभीच राहिले. बसायला जागा होती, पण बसवेना.

घरी बाबा ओटीवर पाय लांब करून बसले होते. मी पिशवी टाकली आणि म्हटलं, पट्टी सोडा. ते म्हणाले, उद्या सोड, आत्ताच बांधलीय. मी त्यांचा हात बाजूला केला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि स्वतः सोडली. आतला कापसाचा थर तपकिरी होता. त्याखाली जखम नव्हतीच. कडा बाहेर उलटून कातडीच्या वर आल्या होत्या, खडबडीत, गाठीगाठींच्या, आणि मध्ये मांस बोटभर उंच. जेलच्या कडू वासाखाली दुसरा एक वास होता. मी कडेला कापूस टेकवला, नुसता टेकवला, तर रक्त आलं. बाबांना दुखलं नाही. त्यांनी पाय हलवलाही नाही. आई मागे उभी राहून म्हणाली, "बघ कशी भरून वर आली." मी आईकडे बघू शकले नाही.

पेणच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तुकडा काढला. निकाल यायला आठ दिवस लागले, पण त्यांच्या तोंडावर तो आधीच होता. त्या आठ दिवसांत मी सरांना सगळं सांगितलं. फ्लास्कचं, शनिवार-सोमवारचं, दोन प्लेट दोन फ्लास्कांतून भरल्याचं, आणि घरी नेलेल्या जेलचंही. सर ओरडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते ओरडले नाहीत, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जेलच्या अहवालाची फाइल मागितली, ते जास्त वाईट. मग आम्ही नव्या कुपीतल्या पेशींवर सगळा प्रयोग पुन्हा केला. जेल लावलेले आणि न लावलेले ओरखडे बरोबरच भरले आणि बरोबरच थांबले. सरांनी स्वतःच्या सहीने अहवाल मागे घेतला. जुना फ्लास्क मी ब्लीच ओतून मारला. तळ पांढरा झाला, सगळं सुटून तरंगायला लागलं. तरी मी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या लाल पिशवीतून तो काढून पुन्हा उजेडाकडे धरून बघितला. काही नव्हतं. पण दोनदा बघितला.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शल्यविशारद बाईंनी स्कॅनची चित्रं लावून दाखवली. त्वचेचा कर्करोग, जुन्या भाजलेल्या वणात होतो तो. मी विचारलं, जेलने झाला का. त्या म्हणाल्या, नाही, हे आषाढातही असणार. मग मी दुसरा प्रश्न विचारला, तो विचारायला मला फार जड गेलं. आषाढात नाही तरी गणपतीनंतर लगेच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, तेव्हा कदाचित कडेची चांगली कातडी धरून सगळा भाग काढता आला असता, मांडीची त्वचा तिथे लावता आली असती. आता तो हाडात शिरलाय. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. गाठी बाकी कुठे दिसत नाहीत, त्यामुळे जीव वाचेल असं वाटतं. जीव वाचेल हे आईने धरून ठेवलं. मी मधलं 'तेव्हा कदाचित' धरून बसले, आणि अजून सोडलेलं नाही.

पाय काढला. नंतरचे तीन आठवडे मी रजा काढून वॉर्डात होते. रोज सकाळी नर्स पट्टी बदलायची आणि मी टाक्यांची रेघ बघायचे. कातडीचे दोन काठ ओढून एकत्र शिवलेले. रोज मला वाटायचं आज इथे गाठ दिसेल, आज रेघेवर बांध येईल. मी मोबाइलचा टॉर्च लावून बघायचे, नर्स वैतागायची. आठव्या दिवशी काठ जुळले. दहाव्या, बाराव्या दिवशीही रेघ तेवढीच राहिली, सपाट, बोटाला न लागणारी. भेटल्या आणि थांबल्या. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून मी हुंदके देत रडले, तेव्हा त्याच नर्सने मला पाणी आणून दिलं.

बाबांना मी तोवर काही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. त्यांच्या लेखी दैवाने झालं होतं, आणि लेकीने वेळेवर धावपळ करून जीव वाचवला होता. नातेवाईक भेटायला यायचे तर आई माझं कौतुक सांगायची. मी बाहेर कठड्याशी जाऊन उभी राहायचे.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी आई जेवायला खाली गेली होती. बाबा उशीला टेकून बसले होते, उरलेला पाय चादरीवर. म्हणाले, ते तुझं हिरवं औषध घरी हाय ना शिल्लक, आता या टाक्यांवर लावत जाऊ.

मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं. पेशी एकमेकींना लागल्या की थांबतात इथपासून ते मी दर सोमवारी काय करत होते इथपर्यंत. ते औषध कधीच औषध नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेला तुकडा माझ्यामुळे राहिला, आणि त्या महिना-दोन महिन्यांत पाय गेला. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. ते खाली चादरीकडे बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "ठाऊक होता मला."

मला वाटलं त्यांना माझं बोलणं समजलं नाही. म्हटलं, काय ठाऊक होतं?

"भरतेय ती नीट भरत नाय, ते. दिवाळीच्या आधीपासून. वास यायला लागला, रक्त थांबंना. म्हणून तर पट्टी मीच बांधाया लागलो. मागल्या दारी मीच धुवायचो, तुझ्या आयेला पण नाय दिली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

बाबांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. म्हणाले, "तू येवून मांडीवर पाय घ्यायचीस आणि हसायचीस. एवढी खूश तुला कधी बघितली नव्हती गो."

आई जिन्यावरून वर येत होती, तिचा आवाज ऐकू आला. बाबांनी मला खुणेने डोळे पुसायला सांगितले, आणि ती आत आल्यावर तिला विचारलं की जेवणात काय होतं.